सुजलेल्या डोळ्यांची दोन मुलं: नेफ्रायटिक आणि नेफ्रॉटिक सिंड्रोम, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या महापालिकेच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात मी शिकवते. परीक्षेच्या आधी एमबीबीएसच्या तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. पूर्ण नेफ्रॉलॉजी इथे नाही. एकाच आठवड्यात शेजारशेजारच्या खाटांवर आलेली दोन मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. मुलांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

## तोंड दोघांचंही सुजतं. मग फरक सुरू कुठून होतो?

ग्लोमेरुलसला दोन कामं करायची असतात. पाणी आणि लहान कण बाहेर सोडायचे, आणि रक्तपेशी व प्रथिनं आत धरून ठेवायची. दोन्ही सिंड्रोम लक्षात ठेवायचे तर यातलं कुठलं काम बिघडलं, एवढंच विचारा.

नेफ्रायटिकमध्ये ग्लोमेरुलस सुजतो. केशवाहिन्यांच्या वेटोळ्यांत पांढऱ्या पेशी शिरतात, आतल्या पेशी वाढतात, रक्ताला जायला जागाच उरत नाही. त्यामुळे गाळणं कमी होतं. लघवी घटते, मीठ आणि पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, क्रिएटिनिन वर जातं. शिवाय भिंतीला जिथे जिथे चिरा पडतात तिथून तांबड्या पेशी पिळवटून बाहेर येतात. प्रथिनंही थोडी गळतात, पण मुख्य गोष्ट ती नव्हे.

नेफ्रॉटिकमध्ये वाहिन्या बहुतेक वेळा मोकळ्याच असतात. बिघाड असतो तो बाहेरून भिंतीला मिठी मारून बसलेल्या पोडोसाइट पेशींमध्ये. त्यांची बोटं सपाट होतात, मधल्या फटींवरचा पडदा काम सोडतो आणि अल्ब्युमिन धो धो वाहून जातं. पाणी गाळलं जातंय, म्हणून क्रिएटिनिन बऱ्याचदा नॉर्मल राहतं. रक्तातलं अल्ब्युमिन खाली गेलं की पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं, आणि किडनीही मीठ धरून ठेवू लागते. सूज दोन्हीकडे दिसते. पण पहिल्याच्या रक्तवाहिन्या तुडुंब भरलेल्या असतात, आणि दुसऱ्याच्या अंगावर पाणी दिसत असतानाही वाहिन्या रिकाम्या असू शकतात. उपचार इथेच फाटतात, म्हणून हे वाक्य मी वॉर्डात पुन्हा पुन्हा म्हणते.

## ती दोन मुलं कोण?

जुलैचा महिना, बाहेर सतत पाऊस. गोवंडीहून सात वर्षांचा मुलगा आला, वजन २२ किलो. आई म्हणाली, "तीन दिवस झाले, सकाळी डोळेच उघडत नाहीत, आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय." पायांवर खाजवून पिकलेल्या फोडांचे वण होते. फोड महिन्यापूर्वीचे, खरजेवरचे. बीपी १३८/९४. चोवीस तासांत लघवी २०० मिलि.

शेजारच्या खाटेवर लालबागची चार वर्षांची मुलगी. आठवड्यापूर्वी सर्दी झाली होती. मग आधी डोळे, नंतर पाय, आता पोटही फुगलेलं. फ्रॉक कमरेला बसेना म्हणून आजीने तिला आणलं. वजन १७ किलो, दोन महिन्यांपूर्वीच्या कार्डावर १४.५. बीपी ९२/५८. लघवीचा रंग साधा, पण आजी म्हणाली, "फेस येतो, साबण टाकल्यासारखा."

तपासणीचा कागद हातात यायच्या आधीच निम्मं निदान झालेलं आहे. मुलाचं बीपी आणि लघवीचा रंग, मुलीची सूज आणि फेस. मुलांचं बीपी मोजायचा कंटाळा करू नका, आणि कफ दंडाच्या मापाचा घ्या. सातव्या वर्षी वरचा आकडा ११५ च्या आसपास गेला तरी थांबून विचार करायचा असतो. इथे तो १३८ होता, आणि आधीच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर बीपीची नोंदच नव्हती.

## लघवीत नेमकं काय बघायचं?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते.

मुलाच्या लघवीत डिपस्टिकवर रक्त तीन प्लस आणि प्रथिनं दोन प्लस होती. मुलीच्या लघवीत प्रथिनं चार प्लस, रक्त शून्य. एवढ्यावर थांबू नका. रक्त लघवीच्या वाटेत कुठूनही येऊ शकतं: खडा, जंतुसंसर्ग, मूत्राशय. ते ग्लोमेरुलसमधूनच आलंय हे दाखवतो तो तांबड्या पेशींचा कास्ट. नलिकेत एक चिकट प्रथिन तयार होतं, ते नलिकेच्या आकारात थिजतं आणि तिथे असलेल्या पेशींना कवेत घेतं. त्या साच्यात तांबड्या पेशी सापडल्या म्हणजे त्या नलिकेच्या वरून, ग्लोमेरुलसकडूनच आल्या असणार.

कास्ट दिसायला हवा असेल तर लघवी ताजी हवी. दहा-बारा मिलि घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये साधारण १५०० आरपीएमवर पाच मिनिटं फिरवा, वरचं ओतून टाका, तळाचा गाळ उरलेल्या थेंबभर लघवीतच हलवून स्लाइडवर घ्या. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली आणा, प्रकाश कमी करा. लखलखीत उजेडात कास्ट चक्क दिसत नाहीत. आधी कमी पॉवरवर कव्हरस्लिपच्या कडा बघा, कास्ट तिकडे सरकतात. त्या मुलाच्या स्लाइडवर डाव्या कडेला विटकरी रंगाचा एक नळकांडा आडवा पडला होता, दोन्ही टोकं गोल, आत पेशी दाणेदार गच्च भरलेल्या. आजूबाजूच्या सुट्या तांबड्या पेशी वेड्यावाकड्या, काहींना कानासारखे फुगवटे. भिंतीच्या चिरेतून पिळवटून निघालेली पेशी अशीच दिसते. खड्यामुळे आलेलं रक्त असतं तर पेशी गोल आणि एकसारख्या दिसल्या असत्या.

मुलीच्या गाळात लाल काही नव्हतं. पारदर्शक हायलाइन कास्ट होते, काही कास्टमध्ये चमकणारे चरबीचे थेंब, आणि चरबीने फुगलेल्या गोल पेशी. पोलराइज्ड प्रकाशात या चरबीवर फुलीसारखी चार पाकळ्यांची आकृती दिसते. तुमच्या कॉलेजात फिल्टर असेल तर एकदा तरी बघून घ्या, नुसतं पाठ करून ती लक्षात राहत नाही.

आता माझी चूक. मी रेसिडेंट असताना अशाच एका मुलाचा नमुना सकाळी आठला घेतला, मामांच्या हातात दिला आणि राउंडला गेले. तो बारानंतर लॅबमध्ये पोचला. रिपोर्ट आला: तांबड्या पेशी एक-दोन, कास्ट नाहीत. मी तो खरा मानला आणि दीड दिवस मुलाला लघवीचा साधा संसर्ग समजून अँटिबायोटिक देत बसले. बीपी १५० च्या वर गेलं तेव्हा सरांनी विचारलं, "लघवी तू स्वतः बघितलीस का?" उकाड्यात तास-दोन तास पडून राहिलेल्या लघवीत, विशेषतः ती पातळ किंवा अल्कलाइन असली तर, पेशी फुटतात आणि कास्ट विरघळतात. तेव्हापासून नेफ्रायटिकची शंका आली की नमुना घेऊन मी स्वतः साइड रूममध्ये जाते. तुम्हीही जा.

## डिपस्टिकवर रक्त तीन प्लस, पण स्लाइडवर पेशीच नाहीत. असं कसं?

लघवी शिळी नसेल तर दोनच शक्यता धरा. डिपस्टिक तांबड्या पेशी मोजत नाही, हीम ओळखते. म्हणून हिमोग्लोबिन किंवा स्नायूंमधलं मायोग्लोबिन लघवीत आलं तरी पट्टी तशीच रंगते. पावसाळ्यात हे विसरू नका. मलेरियासाठी प्रायमाक्विन घेतलेल्या, जी६पीडी कमी असलेल्या मुलाची लघवी हुबेहूब काळ्या चहासारखी होते, पण गाळ स्वच्छ असतो आणि मूल पांढरंफटक पडतं. कावीळ असेल तर लघवी गडद पिवळी असते आणि फेसही पिवळा दिसतो, पण पट्टीवर रक्त येत नाही.

## चोवीस तासांची लघवी गोळा करावीच लागते का?

मुलांमध्ये सहसा नाही. चार वर्षांच्या मुलीची चोवीस तासांची लघवी एक थेंबही न सांडता गोळा झाली, असं मला कुठल्याही मावशींनी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिन आणि क्रिएटिनिन दोन्ही मोजा आणि भागाकार करा. दोन्ही मिलिग्रॅममध्ये घेऊन उत्तर २ च्या वर आलं तर नेफ्रॉटिक पातळी. या मुलीचं ६ आलं, मुलाचं ०.९. मोठ्यांमध्ये चोवीस तासांत ३.५ ग्रॅमच्या वर हा ओळखीचा आकडा, आणि तिथे गुणोत्तर ३ ते ३.५ च्या वर गेलं की तोच अर्थ धरतात.

नुसत्या डिपस्टिकवर अवलंबून राहण्यात एक धोका आहे. ती प्रथिनाची तीव्रता सांगते, एकूण प्रमाण सांगत नाही. लघवी खूप घट्ट असली की दोन प्लसही तीन दिसतं.

## नेफ्रायटिकमध्ये प्रथिनं नसतातच ना?

असतात. तोंडी परीक्षेत हे चुकलं की परीक्षक पुढचा प्रश्न विचारायच्या आधी थांबतात. ती सहसा नेफ्रॉटिक पातळीच्या खाली असतात, इतकंच. त्यामुळे अल्ब्युमिन फारसं पडत नाही. मुलाचं ३.३ होतं, तेही बरंचसं अंगात साठलेल्या पाण्यामुळे पातळ झालेलं.

## सी३ कशासाठी मागवायचं?

या दोन मुलांच्या रक्तात सगळ्यात बोलका आकडा हाच होता. मुलाचं सी३ ३२ आलं, आमच्या लॅबची नॉर्मल मर्यादा ९० पासून सुरू होते. मुलीचं १३०.

स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतरच्या नेफ्रायटिसमध्ये कॉम्प्लिमेंट वापरला जातो, तोही मुख्यतः पर्यायी मार्गाने. म्हणून सी३ पडतं आणि सी४ बहुधा शाबूत राहतं. सी३ आणि सी४ दोन्ही पडले तर ल्युपसचा विचार करा, मूल मुलगी असो वा मुलगा. दोन्ही नॉर्मल असून लघवीत रक्त असेल तर आयजीए नेफ्रोपथी किंवा वाहिन्यांचे दाह यांच्याकडे वळा.

पण सी३ ची खरी किंमत पुढच्या दोन महिन्यांत कळते. स्ट्रेप्टोकोकसनंतरचा आजार असेल तर सी३ सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतं. बारा आठवड्यांनंतरही खालीच राहिलं, तर तुम्ही ज्याला साधा नेफ्रायटिस समजत होता तो सी३ ग्लोमेरुलोपथीसारखा दीर्घकाळचा आजार असू शकतो, आणि मग बायोप्सी टाळता येत नाही. म्हणूनच डिस्चार्ज कार्डावर आठ आठवड्यांनंतरच्या सी३ ची तारीख मी लाल पेनाने लिहिते. मूल बरं दिसतं, शाळा सुरू होते आणि घरचे परत येत नाहीत, असं फार वेळा होतं.

## एएसओ नॉर्मल आला. मग स्ट्रेप्टोकोकस नव्हताच का?

या मुलाचा एएसओ नॉर्मलच होता, आणि युनिटमधल्या दोन विद्यार्थ्यांनी त्यावरून निदान खोडलंही. एएसओ घसा आल्यावर चांगला वाढतो, पण कातडीवरच्या संसर्गानंतर तो बऱ्याचदा वाढत नाही. तिथे अँटी-डीएनेझ बी उपयोगी पडतं. मुंबईच्या दाट वस्तीत पावसाळ्यात खरूज, त्यावर खाजवणं, त्यावर फोड, ही साखळी सारखी दिसते. म्हणून घशाची चौकशी झाली की पाय, कोपरे आणि बोटांच्या बेचक्या उघडून बघा.

किती दिवस मध्ये गेले हेही विचारा. घसा आल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी, कातडीच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी लघवी लाल होते. सर्दी-घसा चालू असतानाच, एक-दोन दिवसांत लघवी लाल झाली तर आयजीए नेफ्रोपथी आधी मनात आणा. मधला मोकळा काळ महत्त्वाचा, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

## मुलीचं कोलेस्टेरॉल ४१० का? कॅल्शियम ७.४ म्हणजे काळजी करायची का?

रक्तातलं अल्ब्युमिन १.६ वर आलं की यकृत भरपाईसाठी प्रथिनं जोमाने बनवू लागतं, आणि त्यात लिपोप्रोटिनही वाढतात. ते रक्तातून काढून टाकण्याची प्रक्रियाही मंदावते. हे चार वर्षांच्या मुलीच्या खाण्यामुळे झालेलं नाही हे आजीला मी आवर्जून सांगितलं, कारण तिने घरात तूप बंद करून टाकलं होतं.

कॅल्शियमचं असं की निम्म्याच्या आसपास कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन ४ धरून जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणा आणि मोजलेल्या आकड्यात मिळवा. ४ वजा १.६ म्हणजे २.४. गुणिले ०.८ म्हणजे १.९. ७.४ मध्ये १.९ मिळवले की ९.३, म्हणजे ठीक. शंका असेल तर आयोनाइज्ड कॅल्शियम मागवा. तिचं क्रिएटिनिन ०.४ होतं, मुलाचं १.३ आणि पोटॅशियम ५.४. सात वर्षांच्या मुलाला १.३ हे मोठ्या माणसासारखं नॉर्मल वाटू देऊ नका. या वयात ते ०.३ ते ०.६ च्या आसपास असतं, म्हणजे दुपटीहून जास्त झालेलं आहे.

## कारणांची यादी कशी लक्षात ठेवायची?

यादी पाठ करण्यापेक्षा वय विचारा. दोन ते सहा वर्षांचं मूल, नुसती प्रथिनं, बीपी आणि सी३ नॉर्मल: मिनिमल चेंज डिसीज धरून चाला, बायोप्सीविना. लाइट मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही म्हणून ते नाव, पोडोसाइटची सपाट झालेली बोटं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्येच दिसतात. शाळेत जाणारं मूल, लाल लघवी, पडलेलं सी३: संसर्गानंतरचा नेफ्रायटिस.

मोठ्यांमध्ये नेफ्रॉटिकचं चित्र बदलतं. मधुमेह, मेम्ब्रेनस नेफ्रोपथी, एफएसजीएस. वर्षानुवर्षं अर्धवट उपचार झालेला टीबी आणि त्यातून अमायलॉइड, हे आपल्याकडे विसरून चालणार नाही. मेम्ब्रेनसमध्ये पीएलए२आर प्रतिपिंडं बघतात. ती नसतील तर रुग्णाला एक प्रश्न जरूर विचारा: गोरं करणारी क्रीम लावता का, कुठलं भस्म घेता का? पारा असलेल्या क्रीममुळे आणि औषधांमुळे मेम्ब्रेनस होतो हे भारतातून नोंदवलं गेलंय, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत बायोप्सीवर नेल-१ नावाचं अँटिजेन सापडतं. क्रीम थांबवल्यावर अनेकांची प्रथिनं हळूहळू कमी होतात. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत, त्यांना ते औषध वाटतच नाही.

## नेफ्रायटिकमध्ये आपण कशाला घाबरायचं?

पहिल्या आठवड्यातल्या पाण्याला आणि बीपीला. या मुलाचं दुसऱ्या रात्री डोकं दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली आणि तो म्हणाला, "सिस्टर, मला दोन दोन दिसतंय." बीपी १५२/१०४. ही हायपरटेन्सिव्ह एन्सेफॅलोपथीची सुरुवात आहे, आकडीची वाट बघायची नाही. लॅबेटालॉलचं इन्फ्यूजन सुरू केलं. बीपी झपकन नॉर्मल करायचं नसतं. पहिल्या आठ तासांत पाव भागापेक्षा जास्त उतरवत नाहीत, नाहीतर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटतो. सोबत फ्रुसेमाइड, कारण मूळ कारण साठलेलं मीठ-पाणी आहे. पोटॅशियम वर असताना एसीई इनहिबिटर सुरू करण्याचा मोह टाळा.

पाणी किती द्यायचं हेही मोजून. २२ किलोच्या मुलाचं अंगाचं क्षेत्रफळ काढायचं सोपं सूत्र: वजनाची चौपट अधिक ७, भागिले वजन अधिक ९०. म्हणजे ९५ भागिले ११२, साधारण ०.८५ चौरस मीटर. घाम-श्वासातून जाणारं पाणी दर चौरस मीटरला ४०० मिलि, म्हणजे ३४०. त्यात आदल्या दिवशीची लघवी २०० मिळवा. दिवसाला ५४० मिलि, त्यात दूध, औषधासोबतचं पाणी सगळं आलं. आईने डब्यातून आणलेलं सूप आणि लोणचं आम्ही तिच्याशी बोलून बंद केलं. चौथ्या दिवशी लघवी ९०० मिलि झाली आणि चेहरा ओळखू येऊ लागला.

अँटिबायोटिक दिलं का? हो, पायांवर अजून ओले फोड होते म्हणून आणि घरातल्या भावंडांना लागण होऊ नये म्हणून. त्याने किडनीचा दाह लवकर बरा होत नाही. खरजेचं औषध मात्र पूर्ण घराला दिलं. क्रिएटिनिन दिवसागणिक चढतच राहिलं असतं तर झपाट्याने वाढणाऱ्या, क्रेसेंट बनवणाऱ्या नेफ्रायटिसचा विचार करून त्याच आठवड्यात बायोप्सी करावी लागली असती.

## आणि नेफ्रॉटिकमध्ये?

इथे भीती वेगळी असते: लघवीतून फक्त अल्ब्युमिन जात नाही. जंतूंशी लढणारं आयजीजी आणि कॉम्प्लिमेंटचा फॅक्टर बी जातो, म्हणून न्यूमोकोकसचा संसर्ग सहज होतो. रक्त गोठू न देणारं अँटिथ्रोम्बिन जातं, म्हणून शिरांमध्ये गुठळ्या होतात. या मुलांचं रक्त मांडीच्या शिरेतून काढू नका, त्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. मोठ्यांमध्ये, खासकरून मेम्ब्रेनसमध्ये, किडनीच्या शिरेत गुठळी झाली तर कुशीत दुखतं आणि एकाएकी लघवीत रक्त येतं.

मुलीच्या पाचव्या दिवशी नेमका कस लागला. पोट दुखत होतं, हातपाय गार, नखावर दाबल्यावर रंग यायला चार सेकंद. अंग सुजलेलं आणि लघवी कमी. रात्रीच्या ड्युटीवरच्या रेसिडेंटने सूज बघून फ्रुसेमाइड लिहिलं होतं. नशीब, सिस्टरनी विचारून घेतलं. तिचं हिमॅटोक्रिट ४८ होतं आणि लघवीतलं सोडियम ८. म्हणजे वाहिन्या कोरड्या, रक्त घट्ट. अशा वेळी फ्रुसेमाइड दिलं तर मूल शॉकमध्ये जातं किंवा गुठळी होते. आम्ही सलाइन दर किलोला १० मिलिप्रमाणे सावकाश दिलं, नंतर अल्ब्युमिन. तासाभरात हात कोमट झाले.

पोटदुखीला पेरिटोनायटिस हेही उत्तर असू शकतं, आणि स्टेरॉइडवर असलेल्या मुलाचं पोट फार कडक होत नाही. म्हणून पोटातलं पाणी काढून पाहिलं. न्यूट्रोफिल २५० च्या खाली होते. वर असते तर लगेच सेफ्ट्रायॅक्सोन.

## स्टेरॉइड किती, किती दिवस?

पहिल्या वेळेला प्रेडनिसोलोन दर चौरस मीटरला ६० मिग्रॅ, रोज, सहा आठवडे. मग ४० मिग्रॅ एकाआड एक दिवस, आणखी सहा आठवडे. डोस काढताना सुजेसकटचं १७ नाही, सुजेआधीचं १४.५ किलो धरा. त्याच सूत्राने क्षेत्रफळ ०.६२, म्हणजे रोजचे ३७ मिग्रॅ. सुरू करण्याआधी माँटू आणि छातीचा एक्स-रे करून घ्या. मुंबईत टीबी न शोधता स्टेरॉइड सुरू करणं मला पटत नाही. मोठा डोस चालू असेपर्यंत जिवंत लसी नाहीत. न्यूमोकोकसची लस मात्र हवीच.

सहा आठवडे रोज देऊनही लघवी साफ झाली नाही तर स्टेरॉइडला दाद न देणारा आजार म्हणून बायोप्सी. वय एक वर्षाच्या आत असेल, डोळ्यांना दिसेल एवढं रक्त असेल, बीपी सतत चढं असेल किंवा सी३ पडलं असेल, तर तेवढी वाट बघायची नाही.

## दोन्ही एकाच वेळी असू शकतं का?

असतं. ल्युपसमध्ये आणि मेम्ब्रेनोप्रोलिफरेटिव्ह प्रकारात एकाच लघवीत तांबड्या पेशींचे कास्टही सापडतात आणि प्रथिनही नेफ्रॉटिक पातळीचं असतं. अशा रुग्णाला जबरदस्तीने एका रकान्यात बसवू नका. "नेफ्रायटिक आणि नेफ्रॉटिक दोन्ही, म्हणून बायोप्सी हवी" असं लिहिलं तर परीक्षेतही गुण मिळतात आणि वॉर्डातही ते बरोबर असतं.

## घरी पाठवताना आई-आजीला काय सांगायचं?

मुलाच्या आईला: लालसरपणा दोन-तीन आठवड्यांत जाईल, पण मायक्रोस्कोपखाली दिसणारं रक्त वर्षभर, क्वचित दोन वर्षंही राहू शकतं, त्याने घाबरू नका. बीपी मात्र दर भेटीत मोजून घ्या. आठव्या आठवड्यात त्याचं सी३ ११८ आलं.

मुलीच्या आजीला आम्ही लघवी तपासायला शिकवलं. रोज सकाळची पहिली लघवी, पट्टी बुडवायची, रंग डबीवरच्या रंगाशी उजेडात ताडून बघायचा, वहीत लिहायचं. तीन दिवस सलग तीन किंवा चार प्लस आलं तर आजार उलटलाय, सूज यायची वाट न बघता या. तिची वही मी पाहिली. शंभर पानी, वर लक्ष्मीचं चित्र, आत तारीख आणि पुढे आजीच्या हातचे प्लस. स्टेरॉइडच्या अकराव्या दिवशी चारचे दोन झाले, बाराव्या दिवशी एक, आणि तेराव्या दिवसापासून ओळीने तीन शून्यं.